अर्ध्यावरचा वेग : पर्ल आणि रीड यांच्या लोकसंख्या-वक्राची चिकित्सा

रेमंड पर्ल आणि लोवेल रीड या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील दोन अभ्यासकांनी १९२० साली अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या लोकसंख्यावाढीवर एक निबंध प्रसिद्ध केला. संख्याशास्त्राच्या इतिहासात त्याला मोठे स्थान आहे, आणि पुढे मानव्यविद्यांतही जो ‘एस’च्या आकाराचा वक्र रूढ झाला त्याच्या प्रसारास या निबंधाचा फार हातभार लागला. भाषापरिवर्तनाचे अभ्यासक एखादे नवे रूप जुन्या रूपाला कसे हटविते हे दाखविताना हाच वक्र काढतात. म्हणून तो निबंध नेमके काय सिद्ध करतो, आणि काय केवळ गृहीत धरतो, हे तपासून पाहणे भाषेच्या विद्यार्थ्यालाही अप्रस्तुत ठरू नये. निबंधातील सर्वांत ठसठशीत विधान असे : अमेरिकेच्या लोकसंख्यावाढीचा परमोच्च वेग १ एप्रिल १९१४ च्या सुमारास येऊन गेला, त्या वेळी लोकसंख्या ९ कोटी ८६ लक्ष होती, आणि ती अखेरीस १९ कोटी ७३ लक्षांच्या मर्यादेपाशी जाऊन स्थिरावेल. पहिली संख्या दुसरीच्या बरोबर निम्मी आहे. हे निम्मेपण कोठून आले, हाच येथील प्रश्न होय.

ज्या समीकरणावर हे सारे उभे आहे ते बेल्जियन गणितज्ञ प्येर फ्रांस्वा व्हेर्हुल्स्ट याने १८३८ मध्येच मांडले होते आणि १८४५ मध्ये त्याच्या वक्राला ‘लॉजिस्टिक’ हे नाव दिले होते. पर्ल व रीड यांना ते प्रथम ठाऊक नव्हते. त्यांनी तोच वक्र स्वतंत्रपणे शोधला. समीकरण असे :

dy/dt = r y (1 − y/K)

येथे y ही एखाद्या क्षणीची लोकसंख्या, t हा काळ, K ही परिस्थितीची धारणक्षमता, आणि r हा अडथळा मुळीच नसताना दर माणशी होणाऱ्या वाढीचा दर. डावीकडील राशी म्हणजे वाढीचा वेग. तो सर्वाधिक केव्हा असतो हे काढावयाचे तर वेगाचेच अवकलन करावे लागते. विद्यार्थी येथे पुष्कळदा चाचपडतात, कारण वेग हा स्वतःच एक अवकलज असल्यामुळे त्याचे अवकलन कशाच्या संदर्भात करावयाचे ते त्यांना उमगत नाही. सोपा मार्ग असा की वेगाला v म्हणावे आणि तो y च्या संदर्भात पाहावा. कंस सोडविला म्हणजे v = r y − r y²/K. याचे y च्या संदर्भात अवकलन केले असता

dv/dy = r − 2 r y/K

ही राशी शून्य होण्यास y = K/2 असणे आवश्यक आहे. पुन्हा एकदा अवकलन केले तर −2r/K ही ऋण राशी मिळते. म्हणून हे मूल्य किमान नसून कमाल आहे. काळाच्या संदर्भात अवकलन करणाऱ्यास शृंखला-नियमाने d²y/dt² = (r − 2 r y/K) · dy/dt असे मिळेल. लोकसंख्या शून्य आणि K यांच्या दरम्यान असेतोवर दुसरा गुणक धन असतो. तेव्हा दुसरा अवकलज शून्य होतो तो केवळ पहिल्या गुणकामुळे, आणि त्या बिंदूला वक्राचा बाक बदलतो. परमोच्च वेग किती हे पाहण्यासाठी y च्या जागी K/2 घालावे. उत्तर rK/4 येते.

हीच गोष्ट अवकलनाशिवायही दिसू शकते. वेग हा y आणि K − y या दोन राशींच्या गुणाकाराच्या प्रमाणात आहे. एक राशी म्हणजे जे आहेत ते, दुसरी म्हणजे जी जागा अजून रिकामी आहे ती. दोहोंची बेरीज नेहमीच K आहे, आणि बेरीज कायम असलेल्या दोन राशींचा गुणाकार त्या समान असताना सर्वांत मोठा होतो. वाढणारे थोडे असतील तर जागा असून वाढ मंद, आणि जागा थोडी उरली तर वाढणारे पुष्कळ असूनही वाढ मंद.

आता एक शब्दाचा घोटाळा दूर केला पाहिजे, कारण त्याने पुष्कळ वाद निष्कारण माजले आहेत. ‘वाढीचा वेग’ आणि ‘वाढीचा दर’ हे दोन शब्द मराठीत सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. पहिल्याचा अर्थ एका वर्षात किती माणसे वाढली. दुसऱ्याचा अर्थ दर शेकडा किती वाढली. अर्ध्यावर कमाल होतो तो वेग. दर माणशी दर हा r(1 − y/K) असल्यामुळे तो आरंभीच सर्वांत मोठा असतो आणि तेथून सरळ रेषेत उतरत जातो; अर्ध्यावर तो r/2 एवढाच राहिलेला असतो. म्हणजे दर उतरत असतानाच वेग चढत असतो. भारताच्या जनगणनेत हे उघड दिसते : १९८१ ते १९९१ या दशकात वाढीचा दर २३.९ टक्के होता आणि पुढील दशकात तो २१.५ टक्क्यांवर आला, तरी वाढलेल्या माणसांची संख्या १६ कोटी ३१ लक्षांवरून १८ कोटी २३ लक्षांवर गेली. ‘लोकसंख्येची वाढ मंदावली’ हे वाक्य त्या काळाबद्दल एका अर्थाने खरे आणि दुसऱ्या अर्थाने खोटे ठरते. पर्ल व रीड यांचे विधान पहिल्या शब्दाविषयी, म्हणजे वेगाविषयी आहे, हे पुढे लक्षात ठेवावयास हवे.

हा वक्र जेथे खरोखर लागू पडतो असे एक उदाहरण प्रथम घेणे न्यायाचे होईल. टोर कार्लसन याने १९१३ साली यीस्टच्या वाढीची मोजमापे प्रसिद्ध केली, आणि पुढे पर्लनेच ती आपल्या वक्राच्या पुष्ट्यर्थ वापरली. दर तासाला यीस्टचे प्रमाण मोजलेले आहे. आरंभी ते ९.६ होते, सातव्या तासाला २५७.३, आठव्याला ३५०.७, नवव्याला ४४१.०, दहाव्याला ५१३.३; आणि अठराव्या तासाला ६६१.८, म्हणजे जवळजवळ स्थिर. धारणक्षमता ६६५ धरली तर तिची निमपट ३३२.५. आता तासातासांची वाढ पाहावी. सहाव्या ते सातव्या तासात ८२.७, सातव्या ते आठव्यात ९३.४, आठव्या ते नवव्यात ९०.३, आणि नंतरच्या तासात ७२.३. सर्वांत मोठी वाढ ज्या तासात झाली त्याच तासात यीस्टने ३३२.५ ची रेषा ओलांडली आहे. सिद्धान्त आणि मोजमाप यांचा असा मेळ क्वचितच पाहावयास मिळतो.

परंतु हा मेळ का बसला याची कारणे पाहिली पाहिजेत. पात्र बंद होते, आत घातलेली साखर ठराविक होती, यीस्टनेच निर्माण केलेले अल्कोहोल तेथेच साठत होते, आणि बाहेरून एकही पेशी येत नव्हती. K हा कोणी बदलीत नव्हते. शिवाय मोजणी अखेरपर्यंत केलेली आहे. ६६५ ही संख्या भाकिताने आलेली नसून वक्र सपाट झाल्यावर डोळ्यांनी पाहिलेली आहे. निम्मे कोठे हे आधी संपूर्ण कळल्यावर सांगितले गेले.

अमेरिकेच्या बाबतीत यातील एकही गोष्ट नव्हती. १९१० पर्यंतच्या सर्व शिरगणत्या निबंधकारांच्याच म्हणण्याप्रमाणे वक्राच्या खालच्या अर्ध्यातील होत्या. वरचा अर्धा भाग कोणी पाहिलेला नव्हता. मग १९ कोटी ७३ लक्ष हा आकडा आला कोठून? त्यांनी १७९०, १८५० आणि १९१० या समान अंतरावरील तीन शिरगणत्या घेतल्या आणि त्या तिन्हींतून नेमका जाणारा लॉजिस्टिक वक्र काढला. तीन अज्ञात राशींना तीन बिंदू पुरतात. त्या तीन संख्यांना a, b, c म्हटले तर

K = [2abc − b²(a + c)] / (ac − b²)

या सूत्रात १७९० चे ३९ लक्ष २९ हजार, १८५० चे २ कोटी ३१ लक्ष ९२ हजार आणि १९१० चे ९ कोटी १९ लक्ष ७२ हजार घालून पाहणाऱ्यास १९ कोटी ७३ लक्ष हेच उत्तर मिळेल. येथवर गणित चोख आहे. परंतु वाचकाने एक साधी चाचणी घ्यावी : तिन्ही वर्षे दहा वर्षांनी पुढे सरकवावीत. १८०० चे ५३ लक्ष ८ हजार, १८६० चे ३ कोटी १४ लक्ष ४३ हजार आणि १९२० चे १० कोटी ५७ लक्ष ११ हजार घेतले असता धारणक्षमता १७ कोटी ४२ लक्ष येते. आणखी दहा वर्षांनी सरकून १८१०, १८७० आणि १९३० या शिरगणत्या घेतल्या (७२ लक्ष ४० हजार, ३ कोटी ८५ लक्ष ५८ हजार, १२ कोटी २७ लक्ष ७५ हजार) तर ती २० कोटी ८७ लक्ष होते. देश तोच, समीकरण तेच, रीतही तीच. आणि तरी ‘निम्मे’ ८ कोटी ७१ लक्ष, ९ कोटी ८६ लक्ष आणि १० कोटी ४३ लक्ष असे हिंदकळत राहते. ज्या राशीचा एवढा हेलकावा दहा वर्षांच्या सरकण्याने होतो तिच्या निम्म्यावरून १ एप्रिल ही तारीख काढणे म्हणजे वजनाच्या काट्यावर गवत तोलून त्याचे उत्तर गुंजांत सांगण्यासारखे आहे.

या हेलकाव्याचे कारण पुन्हा अवकलनातच दडलेले आहे. कमाल बिंदूपाशी dv/dy शून्य असतो. याचाच अर्थ असा की त्या परिसरात वेग जवळजवळ बदलतच नाही. y हा K च्या चाळीस टक्के असताना वेग 0.4 × 0.6 या गुणाकाराच्या प्रमाणात, म्हणजे कमाल वेगाच्या ९६ टक्के असतो. साठ टक्के असतानाही तेवढाच. पर्ल व रीड यांच्या r च्या मूल्याने (सुमारे ०.०३१३) लोकसंख्येला चाळीस टक्क्यांवरून साठ टक्क्यांवर जाण्यास २६ वर्षे लागतात. म्हणजे १९०१ पासून १९२७ पर्यंतच्या सबंध काळात सूत्राप्रमाणे वार्षिक वाढ १४ लक्ष ८४ हजार आणि १५ लक्ष ४६ हजार यांच्या दरम्यानच राहावयाची. ६२ हजारांच्या या उंचवट्याचे शिखर शोधावयाचे होते. आणि प्रत्यक्षात काय घडत होते? १९०७ या एका वर्षात १२ लक्ष ८५ हजार परदेशी माणसे अमेरिकेत वस्तीस आली, तर युद्धकाळातील १९१८ साली केवळ १ लक्ष ११ हजार. एवढ्या लाटांत तेवढा उंचवटा ओळखू येणे शक्यच नव्हते. वक्राने शिखर दाखविले ते निरीक्षणातून नव्हे, सूत्राच्या आकारातून.

निबंधकारांना या धोक्याची मुळीच जाणीव नव्हती असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. पूर्वी जे घटक कधी कार्य करीत नव्हते असे नवे घटक पुढे आले तर भाकीत लागू पडणार नाही, अशी पुस्ती त्यांनी जोडलेली आहे. आधीच्या गणकांनी वापरलेली बहुपदी सूत्रे लोकसंख्येला अमर्याद वाढू देतात, हा त्यांचा आक्षेपही अत्यंत सयुक्तिक होता. दोष आहे तो पुस्तीच्या स्थानात. परिस्थिती बदलली तर K बदलतो हे मान्य करावयाचे आणि त्याच श्वासात K ला देशाचा एक स्थिर गुणधर्म मानून त्याचे निम्मे काढावयाचे, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

पुढचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १९३० च्या शिरगणतीत १२ कोटी २८ लक्ष माणसे भरली. वक्र १२ कोटी २४ लक्ष सांगत होता. १९४० मध्ये वक्र १३ कोटी ६३ लक्ष म्हणत असता प्रत्यक्ष आकडा १३ कोटी १७ लक्ष निघाला. १९५० मध्ये भाकीत १४ कोटी ८७ लक्ष, प्रत्यक्ष १५ कोटी ७ लक्ष. तीस वर्षांपूर्वी केलेल्या भाकितात दोन टक्क्यांहूनही कमी चूक, हा अनेकांना सिद्धान्ताचा विजय वाटला. पण दशकांची वाढ स्वतंत्रपणे मांडली की या विजयाचे स्वरूप कळते. १९१० ते १९२० मध्ये, म्हणजे ज्या दशकात शिखर यावयाचे त्यात, १ कोटी ३७ लक्षांची भर पडली; पुढच्या दशकात, उतरण सुरू व्हावयाची तेथे, १ कोटी ७१ लक्षांची; मंदीच्या दशकात केवळ ८९ लक्षांची; आणि त्यानंतर १ कोटी ९० लक्षांची. मंदीने आलेली तूट आणि युद्धोत्तर जन्मवाढीने आलेली भर यांनी एकमेकींना जवळजवळ झाकले, आणि बेरीज वक्राजवळ येऊन थांबली. बेरजेकडे पाहणारा समाधानी झाला. वेगाकडे पाहणाऱ्याला मात्र तेव्हाच दिसावयास हवे होते की वेग अर्ध्यावर कमाल झालेला नाही.

१९६० साली हे झाकलेपणही संपले. वक्राचे १५ कोटी ९२ लक्ष, प्रत्यक्ष १७ कोटी ९३ लक्ष. त्या दशकातील भर सुमारे २ कोटी ८० लक्ष, म्हणजे rK/4 ने घालून दिलेल्या दशकी कमाल मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. १९७० मध्ये २० कोटी ३२ लक्ष माणसे भरली आणि धारणक्षमता म्हणून सांगितलेली संख्याच मागे पडली. समीकरणाचा अर्थ शब्दशः घेतला तर K ओलांडल्यावर कंसातील राशी ऋण होऊन लोकसंख्या घटू लागावयाची. ती घटली नाही. उलट १९९० ते २००० या दशकात ३ कोटी २७ लक्षांची, आजवरची सर्वांत मोठी, भर पडली, आणि २०२० मध्ये आकडा ३३ कोटी १४ लक्षांवर गेला.

यावर असे म्हणता येईल की K चुकला, पण सिद्धान्त टिकला. खरा K मोठा आहे आणि खरे निम्मे अजून शोधावयाचे आहे. हे उत्तर वरवर पटण्याजोगे असले तरी फसवे आहे. निम्मेपण हे K च्या मूल्यावर अवलंबून नाही, हे खरे. ते अवलंबून आहे ते दर माणशी दर सरळ रेषेत उतरतो या गृहीतावर. ती रेषा किंचित वाकविली की निम्मे सुटते. समजा गर्दीचा परिणाम आरंभी जाणवत नाही आणि पुढे एकदम वाढतो; तर कंसात y/K च्या जागी त्याचा वर्ग घ्यावा. मग v = r y − r y³/K², त्याचा अवकलज r − 3 r y²/K², आणि कमाल वेग येतो y = K/√3 येथे, म्हणजे धारणक्षमतेच्या सुमारे ५८ टक्क्यांवर. दुसऱ्या टोकास, गॉम्पर्ट्झ याच्या वक्रात कमाल वेग ३७ टक्क्यांच्या जवळपास येतो. हे तिन्ही वक्र ‘एस’च्याच आकाराचे दिसतात, आणि खालच्या भागातील मोजमापांवरून त्यांतला निवडणे फार कठीण असते. पर्ल व रीड यांनी दर माणशी दराचा आलेख लोकसंख्येसमोर मांडून तो सरळ येतो की नाही हे प्रथम दाखविले असते, तर त्यांच्या निम्म्याला पुरावा लाभला असता. आजही अशा कोणत्याही दाव्याची पहिली परीक्षा हीच असावयास पाहिजे.

भाषापरिवर्तनाच्या अभ्यासात या वक्राची अवस्था एका बाबतीत बरी आहे. नवे रूप आणि जुने रूप यांच्यात स्पर्धा असेल तर नव्याचा वाटा शंभर टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही. K येथे व्याख्येनेच ठरलेला आहे, त्याचा शोध घ्यावा लागत नाही. वेग नव्याच्या आणि जुन्याच्या वाट्यांच्या गुणाकाराएवढा, म्हणून तो पन्नास टक्क्यांवर कमाल. आल्व्हार एल्लेगोर याने १९५३ मध्ये इंग्रजीतील साहाय्यक ‘डू’च्या प्रसाराची जी आकडेवारी जमविली, तिच्यावर अँथनी क्रॉक याने १९८९ मध्ये हा वक्र बसविला, आणि वेगवेगळ्या वाक्यप्रकारांत प्रमाण निरनिराळे असले तरी r एकच राहतो असा पक्ष मांडला. या विवेचनात भाकिताचा सोस नाही, कारण बदल पूर्ण होऊन शतके लोटली आहेत. कार्लसनच्या यीस्टप्रमाणे येथेही वक्राचे वरचे टोक हाती आहे.

पण त्याच आकडेवारीत होकारार्थी विधानवाक्यांचाही एक रकाना आहे. त्यांत ‘डू’ प्रश्नवाक्यांप्रमाणेच सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वाढत गेला, सुमारे दहा टक्क्यांपर्यंत पोचला, आणि नंतर ओसरू लागला. पन्नास टक्क्यांची रेषा त्याने कधी पाहिलीच नाही. १५५० साली बसलेल्या एखाद्या अभ्यासकाने तोवरच्या चढत्या बिंदूंवरून लॉजिस्टिक वक्र काढला असता, तर परमोच्च वेगाचे वर्ष त्यालाही सूत्राने बिनचूक सांगितले असते.